अंगठ्याबाहेर उरलेला आकडा

माझी बायको सत्यवती गेली तेव्हा तिच्या उजव्या अंगठ्याला कोकमाचा रंग होता. शेवटची आंघोळ घालताना बायकांनी साबणाने घासला, लिंबू चोळलं, तरी गेला नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं ते सगळं त्या अंगठ्याचं आहे.

मयेच्या तळ्याच्या वरच्या अंगाला रस्त्याला लागून गुरुदासबाबचं हॉटेल आहे. नऊ टेबलं, कौलाचं छप्पर, मागे स्वयंपाकघर. गोवा राज्य झालं त्या वर्षी मी तिथे वेटर म्हणून लागलो. त्याआधी खाणीच्या ट्रकवर क्लीनर होतो. मी मूळ धारगळचा, शाळा चौथीपर्यंत. सत्यवती बांद्याची, सातवी शिकलेली, म्हणून गुरुदासबाबने तिला गल्ल्यावर बसवलं. सकाळी ती सोलकढीसाठी कोकमाची सोलं पिळायची आणि दुपारी पावत्या लिहायची. आम्ही नवराबायको एकाच ठिकाणी कामाला, तेही बारा वर्षं. लोक हसायचे. आम्हाला बरं वाटायचं.

मला हिशेब यायचा नाही. तळं बघायला येणारी माणसं जेवून उठताना विचारायची, "टीप किती ठेवायची असते हो इथे?" गोरी माणसं तर हटकून विचारायची. दहा टक्के म्हणजे किती, पंधरा म्हणजे किती. मी नुसता उभा राहायचो. मग ती काहीतरी चिल्लर टाकून जायची.

एकदा असंच झालं आणि सत्यवतीने मला गल्ल्याकडे बोलावलं.

"गिऱ्हाईक इचारता तेवा म्हशीसारखो कित्याक उबो रवतस?"

"माका टक्के येनत नाय."

"टक्के कोणाक व्हये? हयसर बघ." तिने पावती पुढे केली. तिचे आकडे मोठे असायचे, पाटीवर लिहिल्यासारखे. "चारशे शाऐंशी. शेवटच्या आकड्यार आंगठो ठेव. भायर कितां उरलां?"

"अठ्ठेचाळीस."

"झाकलेलो आकडो पाच नायतर पाचाच्या वर असलो तर एक वाढव. सहा आसा. मगे?"

"एकोणपन्नास."

"हे झाले धा टक्के. आता ह्याचे अर्दे कर."

"साडेचोवीस."

"अर्दो रुपयो आपलो न्हय, तो सोड. चोवीस. हे पाच टक्के. दोनूय मेळव."

मी बोटं मोजली. "त्र्याहत्तर."

"हे पंधरा टक्के. कोण खूश होवन वीस देतलो तर धाची दुप्पट कर. झाली तुजी शाळा."

खरंच झाली. त्या दिवसापासून मी कधी अडलो नाही. टीप बिस्किटांच्या डब्यात जायची आणि शनिवारी आम्हा पाचजणांत वाटली जायची. स्वयंपाकी महादेव म्हणायचा, "सगुणदादा, वहिनीच्या अंगठ्यावर आपलं मटण चाललंय." महादेव बेळगावकडचा.

पुढे पुढे तर मला पावतीवर अंगठा ठेवायचीही गरज राहिली नाही. सोलं पिळून सत्यवतीचा अंगठा लाल झालेला असायचा. पावती लिहिली की ती सवयीने शेवटच्या आकड्यावर अंगठा टेकवायची. तिथे तांबूस ठसा उमटायचा. ठशाच्या डावीकडे उरला तो आकडा मी वाचायचो. पूर्ण पावती मी कधी वाचतच नव्हतो. त्या ठशाला मधोमध एक तिरकी पांढरी रेघ असायची. लहानपणी आडोळीवर नारळ खवताना तिचा अंगठा कापला होता, त्याची.

गुरुदासबाब एकदा ओरडला, "वैनी, लोक म्हणतले बिलार रगत सांडलां!"

ती म्हणाली, "रगत नाय, सोलां. रगत तुमच्या कोंबडीत आसता, म्हणान गिऱ्हायकां परत येनत नाय."

सगळे हसले. गुरुदासबाबही हसला.

मार्च महिन्यात एका दुपारी ती पावती लिहीत होती. चार आकडा काढला आणि पेन्सिल थांबली. मी समोर ताट उचलत होतो. ती मान खाली घालूनच राहिली. डोक्यातली शीर फुटली होती. दुसऱ्या दिवशी गेली. वय सत्तेचाळीस.

तेरावं झालं आणि मी कामावर परत गेलो. मुलगी रेश्मा वास्कोला असते, जावई राजेश मुरगावच्या बंदरात. रेश्मा म्हणाली, "बाबा, तिकडे एकटे काय करणार? आमच्याकडे चला. एक खोली रिकामीच आहे."

मी म्हटलं, बघू. खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. गल्ल्याकडे बघण्याची मला सवय झाली होती. ती बसायची तो लाकडी स्टूल अजून तिथे होता. घरात मला ती कुठे सापडत नव्हती. हॉटेलात स्टुलाकडे बघितलं की थोडी सापडायची. ते सोडून वास्कोला जायचं म्हणजे तिला दुसऱ्यांदा पोचवायचं, असं मला वाटायचं.

तेवढ्यात गुरुदासबाबने पावतीचं मशीन आणलं. त्याची भाची कोमल त्यावर बसायला लागली. बटणं दाबली की कागदाची पट्टी बाहेर यायची. आकडे मुंगीएवढे, शेवटी टिंब आणि दोन शून्यं. कोमलची बोटं स्वच्छ असायची, नखांना रंग लावलेला. सोलंही आता कोणी पिळत नव्हतं. गुरुदासबाब बाजारातून आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या तयार रसाच्या, बाटल्या आणायचा आणि महादेव डावाने ढवळून सोलकढी करायचा. म्हणजे त्या हॉटेलात कोकमाने रंगलेला अंगठा आता एकाही माणसाला नव्हता.

मशीन येऊन तीन आठवडे झाले असतील. दुपारचे तीन वाजले होते. ऊन असं की तळ्याकडे बघवत नव्हतं. एकच टेबल भरलेलं होतं. कोमलने पट्टी फाडली, बडीशेपेच्या बशीत ठेवली. मी बशी उचलली तेव्हा पट्टी पांढरी होती. गल्ल्यापासून टेबलापर्यंत दहा पावलं. टेबलावर बशी ठेवली तेव्हा पट्टीच्या उजव्या कोपऱ्यात तांबूस ठसा होता. ओला. मधोमध तिरकी पांढरी रेघ.

गिऱ्हाईक म्हणालं, "हे काय सांडलंय?"

गिऱ्हाइकाने पैसे ठेवले आणि ते गेलं. मी पट्टी उचलून नाकाला लावली. सोलांचा वास आला. मागे बघितलं. कोमल गल्ल्यावर कंगवा फिरवत होती. तिच्या बाजूला सत्यवतीचा स्टूल भिंतीला टेकून असायचा. तो आता टेबलांकडे तोंड करून ठेवलेला होता.

मी घाबरलो नाही. लोकांना हे पटत नाही, पण खरं तेच. मला एवढंच वाटलं की ती कामावर परत आली.

त्यानंतर रोज एक-दोन पावत्यांवर ठसा यायचा. गर्दीत कधी नाही. दुपार ओसरली, हॉटेल शांत झालं की. मी कोणाला सांगितलं नाही. पट्ट्या जमवून सदऱ्याच्या खिशात ठेवायचो. आणि पहिल्यासारखं वाचायला लागलो, ठशाच्या डावीकडचं तेवढंच.

चूक तिथेच झाली.

मे महिन्यात कोल्हापूरची मंडळी आली. कारखान्यातली चौदा माणसं, बायकापोरं धरून. तीन टेबलं जोडली. दोन तास बसली, महादेव घामाने निथळला. जेवण आवडलं त्यांना. म्होरक्या जाड मिशांचा, बिअर घेतलेला, खूश. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी बशी नेली. त्याने पट्टीकडे बघितलंसुद्धा नाही, बायकोच्या हातात नोटा दिल्या आणि म्हणाला, "मामा, बिल ही भागवतीय. टिपंचं तुम्ही सांगा. दहा टक्के किती हुत्यात? तेवढं आनि त्याच्या निम्मं ठेवतो. चांगलं वाढलासा."

मी पट्टी बघितली. ठसा होता. डावीकडे उरलं होतं सव्वीस.

"दहा टक्के सव्वीस," मी म्हणालो. "निम्मे तेरा. एकोणचाळीस."

"एवढंच? ह्ये घ्या चाळीस. रुपया चहाला."

सगळे हसत बसमध्ये चढले. बस गेली. महादेव पदराने तोंड पुसावं तसा फडक्याने पुसत बाहेर आला. "काय सोडलं दादा साहेबानं?"

मी चाळीस रुपये दाखवले.

"चौदा माणसांत चाळीस?" त्याने माझ्या हातातली पट्टी घेतली आणि कोकमाचा डाग नखाने खरवडला. खाली आकडे दिसायला लागले. दोन हजार सहाशे चाळीस, टिंब, शून्य, शून्य. "दादा, दहा टक्के दोनशे चौसष्ट होतात! निम्मे एकशे बत्तीस. तीनशे शहाण्णव मिळाले असते. तो द्यायला तयार होता!"

मी पट्टीकडे बघत राहिलो. सत्यवतीचे हाताचे आकडे मोठे होते, अंगठ्याखाली एकच मावायचा. मशीनचे आकडे बारीक. तिने अंगठा नेहमीसारखा कागदाच्या शेवटाला टेकवला होता. त्याखाली दोन शून्यं, टिंब, आणखी शून्य, आणि चारसुद्धा झाकला गेला होता. मशीन आलं ते ती गेल्यावर. तिला ते ठाऊकच नव्हतं.

"म्हातारा झालास काय रे?" गुरुदासबाब गल्ल्यावरून ओरडला. "पोटावर पाय कोणाच्या आणतस? ह्या पाचजणांच्या! आनी एकदां असां जालां, सगुण, तर टेबलार येव नाका. घरा बस."

महादेव माझी बाजू घेऊ शकत नव्हता. त्याला गावाला पैसे पाठवायचे होते. तो म्हणाला, "दादा, वहिनी असती तर असं झालं नसतं."

मी त्याला काय सांगणार? वहिनी होती म्हणूनच झालं.

आता माझ्यापुढे दोनच गोष्टी होत्या. ठसा बघायचा नाही, स्वतः पट्टी वाचायची. किंवा तिला शिकवायचं. ठसा बघायचा नाही हे मला जमलं नसतं. तिने अंगठा टेकवायचा आणि मी तोंड फिरवायचं? आणि पुन्हा चुकलो तर हॉटेल सुटणार, म्हणजे तीही सुटणार.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला कोमल मागे हात धुवायला गेली. हॉटेल रिकामं. पंखा बंद होता, तरी मशीनमधली पट्टी हलत होती. मी गल्ल्यापुढे उभा राहिलो. स्टुलाकडे बघून बोललो.

"सत्या, आयक. आकडे बारीक झाले. कागदाच्या शेवटाक आंगठो ठेव नको. आदी टिंब बघ. टिंबाच्या अलीकडचो आकडो, तो रुपयांचो शेवटचो. आंगठ्याची डावी कड त्या आकड्याक लाव. उजवीकडे झाकता तां झाकांदी."

तळ्याकडून वारासुद्धा नव्हता.

"तिया माका शिकयलंस," मी म्हणालो, "आता मी तुका शिकयतंय. हसा नको."

स्टूल करकरला. त्यावर कोणी वजन एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर टाकावं तसा. तो आवाज मला बारा वर्षांचा ओळखीचा होता.

संध्याकाळी पुण्याकडचं जोडपं होतं. पावती सातशे बत्तीस, टिंब, दोन शून्यं. ठसा आला. डाव्या बाजूला त्र्याहत्तर उरले होते. ठशाची कड दोनाला बरोबर लागली होती, सुताराने ओळंबा लावावा तशी. मी फडक्याने डोळे पुसले. मग ठसा खरवडून खालचे आकडेही तपासले. बरोबर होते. दहा टक्के त्र्याहत्तर, निम्मे छत्तीस, अर्धा रुपया सोडला. एकशे नऊ. त्यांनी एकशे दहा ठेवले.

पावसाळाभर असं चाललं. माझी एकही चूक झाली नाही. गुरुदासबाब म्हणाला, "सगुणाक परत अक्कल फुटली." डबा भरायला लागला.

गणपतीला रेश्मा आली. घरी माझे कपडे धुवायला काढताना तिला खिशात पट्ट्यांची चळत सापडली. साठ-सत्तर असतील. तिने एक उजेडात धरली आणि जमिनीवर बसली.

"बाबा, हा आईचा अंगठा आहे."

"होय."

"जुन्या पावत्या ठेवल्यात?"

"तारीख बघ."

तिने बघितली. मागच्याच आठवड्याची. तिने माझा हात धरला आणि माझा अंगठा बघितला, दोन्ही हातांचे. मग देव्हाऱ्यातल्या वाटीतलं कुंकू लावून माझा अंगठा कागदावर दाबला. ठसा रुंद आला, सपाट, रेघ नाही. तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"मला वाटलं तुम्हीच करता," ती म्हणाली. "तेच बरं होतं."

रात्रभर ती दिवा लावून बसली. सकाळी जाताना एवढंच बोलली. "बाबा, आई मेल्यावरही ड्यूटी करतेय. तुम्ही करून घेताय. तिला कधी सुट्टी द्याल?"

मला तिचा राग आला. वाटलं, आई माझ्याजवळ आहे हे हिला बघवत नाही.

दिवाळीनंतर गोऱ्यांची चार्टर विमानं सुरू झाली आणि गुरुदासबाबने नवीन पद्धत आणली. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत करतात तसं पावतीतच दहा टक्के सर्व्हिस लावायचं. जेवणाचे पैसे, खाली दहा टक्के, खाली एकूण. ते दहा टक्के त्याच्या गल्ल्यात जाणार, आम्हाला पगारात थोडी वाढ. महादेव कुरकुरला, पण वाढ मिळणार म्हणून गप्प बसला.

मी वेगळ्याच काळजीत. दहा टक्के मशीन स्वतःच काढणार. मग अंगठा कशाला लागणार?

पहिल्याच दिवशी दुपारी एक उंच गोरी बाई आणि तिचा म्हातारा बाप जेवायला आले. पट्टी आली. जेवण पाचशे वीस, सर्व्हिस बावन्न, एकूण पाचशे बाहत्तर. बाईने ती वाचली आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, दहा तर यात आले, मी पंधरा देते, आता आणखी किती?

मी पट्टी हातात घेतली. ठसा होता. खालच्या एकूण आकड्यावर नव्हता, वरच्या पाचशे विसावर होता. तेच बरोबर. पाच टक्के जेवणाचे काढायचे, सर्व्हिसवर पुन्हा सर्व्हिस द्यायची नसते. शून्य झाकलेलं, डावीकडे बावन्न, निम्मे सव्वीस. मी सव्वीस सांगितले. बाईने दिले.

पण ठसा अर्धा होता.

अंगठ्याची डावी बाजू तेवढी. उजवी बाजू नव्हतीच. पुसली गेली म्हणावं तर कड सरळ होती, सुरीने कापल्यासारखी. तिरकी रेघ मधोमध तुटलेली.

दहा टक्के मशीनने घेतले होते. पाच उरले होते. मी तिला पाचच मागत होतो. तिने पाचांपुरताच अंगठा दिला होता.

पुढचे चार दिवस ठसे अर्धेच आले. पाचव्या दिवशी एका गुजराती माणसाने सर्व्हिसवर वैतागून विचारलं, "पाच पण कशाला? अडीच टक्के सांगा ना." मी हसून पट्टी बघितली. पाव अंगठा होता. नखाच्या कोपऱ्याएवढा. रंगही फिका, पाणी घातलेल्या सोलकढीसारखा.

गल्ल्याकडे बघितलं. स्टूल होता, पण भिंतीला टेकलेला. त्याचा एक पाय जमिनीला लागत नव्हता.

तिचंच वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. अर्दो रुपयो आपलो न्हय, तो सोड. ती अर्धं नेहमी सोडून द्यायची. साडेचोवीसातला अर्धा कधी कोणाला द्यायची नाही, स्वतःही ठेवायची नाही. सोडलं म्हणजे गेलं. आता मी तिचंच अर्धं करत होतो, मग त्याचं अर्धं. गिऱ्हाईक विचारणार, मी पट्टीकडे बघणार, ती आहे त्यातून काढून देणार. असं करत एक दिवस अर्ध्या रुपयाएवढी उरेल. मग तीही सुटेल, आणि मी तिला संपवलेलं असेल.

रेश्मा बोलली होती ते मला आता कळलं. ती हॉटेलात राहावी म्हणून मी राहिलो होतो. आणि हॉटेलातच ती कमी होत होती.

त्याच संध्याकाळी मी गुरुदासबाबला सांगितलं, "शनिवारपसून येना."

तो गडबडला. "अरे, रागान बोललों तें मे म्हयन्यांत! वाड दी म्हणून सांगतस?"

"वाढ नको. मुलीकडे जातो."

"आनी टेबलां कोण बघतलो?"

"महादेवाक सांगतंय. आंगठो कसो ठेवचो तो."

शनिवारी मी कामाला गेलो नाही. गिऱ्हाईक म्हणून गेलो. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या टेबलावर बसलो. गल्ल्यासमोरचं टेबल. महादेवाने स्वतः वाढलं. सुंगटांचं हुमण, म्हणजे कोलंबीचं कालवण, भात, सोलकढी. मी सांगितलं, दुसरंही ताट लाव. त्याने लावलं. त्या ताटातलं कोणी खाल्लं नाही. फक्त सोलकढीची वाटी मी उठेपर्यंत बोटभर खाली गेली होती. उन्हाने सुकली असेल. हिवाळ्यातलं ऊन होतं.

कोमलने पट्टी दिली. जेवण एकशे चौतीस, सर्व्हिस तेरा रुपये चाळीस पैसे.

मी पट्टी टेबलावर पालथी ठेवली. डोळे मिटले. "सत्या," मी हळू म्हणालो, "ह्या बिलार आंगठो ठेव नको. माका येता."

मग पट्टी उलटली. पांढरी होती. स्वच्छ. आयुष्यात पहिल्यांदा ठशाशिवाय मी सगळी पावती वाचली, वरपासून खालपर्यंत. एकशे चौतीस. चार झाकायचा, पाचाच्या आत आहे म्हणून वाढवायचं नाही. तेरा. तेराचे निम्मे साडेसहा. अर्धा रुपया आपला नव्हे. सहा. बिलाचे पैसे ठेवले आणि सहा रुपये वेगळे ठेवले. कोणाला विचारलं नाही, कोणाच्या अंगठ्याकडे बघितलं नाही.

उठताना गल्ल्याकडे बघितलं. स्टूल तिथे नव्हता. कोमलला विचारलं.

"कुठला स्टूल?" ती म्हणाली. "तो तर मे महिन्यात जळणात गेला. पाय मोडला होता."

मी पिशवी घेतली आणि रस्त्यावर आलो. डिचोलीला बस बदलली, पणजीला बदलली. वास्कोच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. शेजारची जागा रिकामी होती. पुलावरून जाताना बस गच्च भरली, माणसं दांड्याला लोंबकळत होती, तरी त्या जागेवर कोणी बसेना. एक बाई बसायला वाकली आणि जागेकडे बघून दुसरीकडे सरकली.

कंडक्टर आला. मी नोट पुढे केली. त्याने नोट घेतली आणि माझ्या हाताकडे बघितलं.

"काका, हात खंय घाल्लो? कोकमांत?"

मी अंगठा बघितला. उजवा. लालभडक होता, ओला. कडेपर्यंत पूर्ण. आणि मधोमध, जिथे मला कधी काही लागलं नव्हतं, तिथे एक तिरकी पांढरी रेघ होती.

"दोगांचे काड," मी म्हणालो.

त्याने रिकाम्या जागेकडे बघितलं. मग दोघांचे पैसे घेतले.